घशात राखाडी पापुद्रा: घटसर्प कसा ओळखतात, आणि एका दिवसाचा उशीर का महाग पडतो

जानेवारीतली सकाळ. प्राथमिक आरोग्य केंद्रात बाह्यरुग्ण विभागाची गर्दी. खोकला, ताप, कुत्रा चावलेला एक म्हातारा, तपासणीला आलेल्या गरोदर बाया. त्या रांगेत ऊसतोड कामगाराची एक बाई साडेसहा वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन उभी. एवढं मोठं पोर कडेवर आहे, मान वाकडी धरून बसलंय, तोंडातून लाळ गळतेय, हे केस पेपर फाडणाऱ्या सिस्टरनं बघितलं आणि बाईला रांगेतून पुढं घेतलं.

ही गोष्ट अमुक एका गावाची किंवा अमुक एका डॉक्टरची नाही. गळीत हंगामात कुठल्याही तालुक्यात घडू शकेल अशी ही गोष्ट आहे. आजार कसा दिसतो, डॉक्टर काय बघतात आणि पुढं काय करावं लागतं ते नीट कळावं म्हणून ती पहिल्यापासून सांगितली आहे.

तीन दिवस कसे गेले

रविवारी संध्याकाळी पोराला कणकण आली. घसा दुखतो म्हणून त्यानं भाकरी टाकली. आजीनं हळद-मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. सोमवारी आईबाप पहाटे चारला फडात गेले, पोर कोपीतच पडून राहिलं. संध्याकाळी बापानं त्याला जवळच्या गावात एका औषधवाल्याकडं नेलं. त्यानं एक इंजेक्शन दिलं, चार गोळ्या बांधून दिल्या. रात्री ताप उतरला. घरच्यांना वाटलं, गुण आला.

मंगळवारी ताप फारसा नव्हता, पण पोर आणखीनच मलूल झालं. आवाज घोगरा झाला, तोंडाला घाण वास यायला लागला, जबड्याखाली दोन्ही बाजूंनी गळा सुजला. शेजारच्या कोपीतली बाई म्हणाली, "गालगुंड हाय, बिब्बा लावा." दुसरी म्हणाली, "पडजीभ पडली आसंल, बोट घालून उचलून घ्या." आईनं दोन्ही केलं नाही. बुधवारी सकाळी फडावर खाडा करून तिनं सरकारी दवाखान्याची वाट धरली. खाडा म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली आणि वर मुकादमाची बोलणी. तरी ती आली, हे या गोष्टीतलं पहिलं नशीब.

इथं थांबून एक गोष्ट बघू. घटसर्पाचा ताप बहुतेक वेळा फार चढत नाही. १०० ते १०१ च्या आसपास असतो. साध्या टॉन्सिलला ताप फणफणून येतो, म्हणून लोक घाबरून लवकर दवाखान्यात येतात. घटसर्पात ताप कमी आणि पोर मात्र तापाच्या मानानं जास्त खंगलेलं, अशी गत असते. तापाची गोळी दिली की अंग गार पडतं, पण घशातला आजार आपलं काम करतच राहतो. या पोराचा एक अख्खा दिवस असाच गेला.

डॉक्टरांनी काय बघितलं

केंद्रातल्या डॉक्टर मॅडम नोकरीत नव्या होत्या. घटसर्प त्यांनी पुस्तकात वाचला होता, एकदा परीक्षेत लिहिला होता, पण स्वतःच्या डोळ्यांनी रोगी बघितला नव्हता. त्यांनी तोंडाला मास्क लावला. पोराला आईच्या मांडीवर बसतं ठेवून खिडकीच्या उजेडाकडं तोंड करायला लावलं.

"बाळा, जीभ बाहेर काढ. आ कर. दुखवत नाही तुला."

पोरानं तोंड उघडलं तसा वास आला. सडक्या, काहीशा गोडसर वासाचा भपका. बॅटरीच्या उजेडात दोन्ही टॉन्सिलवर मळकट राखाडी थर दिसला. तो टॉन्सिलपुरता राहिला नव्हता. एका बाजूनं वर सरकून पडजिभेला चिकटला होता. त्याच्या कडेची जागा लाल आणि सुजलेली.

मॅडमनी कापसाचा बोळा त्या थराच्या कडेला अगदी हलका लावून बघितला. थर निघाला नाही. कडेला रक्ताचा ठिपका उमटला. त्यांनी हात लगेच मागं घेतला.

हा थर म्हणजे काय? कोरायनेबॅक्टेरियम डिप्थेरिये नावाचे जंतू घशात ठाण मांडतात आणि एक विष तयार करतात. त्या विषानं घशाच्या आतल्या कातडीच्या पेशी मरतात. मेलेल्या पेशी, जंतू आणि रक्तातून झिरपलेला चिकट द्रव यांचा मिळून पापुद्रा बनतो. तो वर बसलेला नसतो, खालच्या मांसात रुतलेला असतो. म्हणून ओढला तर रक्त येतं. खूण हीच आहे आणि धोकाही हाच. बोट घालून किंवा चमच्यानं खरवडून तो काढायला गेलं तर रक्त येतं, सूज वाढते, आणि सुटलेला तुकडा श्वासनळीत अडकू शकतो. पडजीभ उचलायचा सल्ला त्या आईनं ऐकला असता तर काय झालं असतं, ते यावरून कळेल.

साध्या टॉन्सिलमध्ये पांढरे-पिवळे पुवाचे ठिपके असतात. ते टॉन्सिलवरच असतात, बोळ्यानं सहज पुसले जातात. लहान बाळाच्या तोंडात बुरशी होते तीसुद्धा दह्याच्या कवडीसारखी पांढरी असते, जिभेवर आणि गालाच्या आत दिसते. घटसर्पाचा पापुद्रा आधी पांढुरका असतो, एक-दोन दिवसांत राखाडी होतो, पुढं काळपटही पडतो, आणि टॉन्सिलची हद्द सोडून पसरतो. घरी बॅटरी मारून एवढं बघता आलं तरी पुरे. पुसून, खरवडून बघायच्या भानगडीत घरच्यांनी पडू नये. ते काम डॉक्टरांचं.

मग मॅडमनी गळा चाचपला. गालगुंडात सूज कानाच्या पाळीखाली, गालाच्या मागच्या बाजूला येते, एका बाजूला किंवा दोन्हीकडं. या पोराची सूज जबड्याखाली आणि मानेच्या पुढच्या भागात होती. मान आणि हनुवटी एक झाल्यासारखी दिसत होती. डॉक्टर लोक याला बैलाची मान म्हणतात. ती दिसली म्हणजे विष जास्त आहे असं समजायचं.

नाडी मोजली, मिनिटाला १३६. ताप १००.६. एवढ्या थोड्या तापाला एवढी नाडी शोभत नाही. छातीकडं बघितलं. श्वास जरा जलद होता, पण बरगड्या आत ओढल्या जात नव्हत्या आणि श्वास घेताना घर्रर्र आवाज येत नव्हता. म्हणजे श्वासनळी अजून मोकळी होती.

"घटसर्प तर बैलाला होतो"

मॅडम म्हणाल्या, "ताई, मला घटसर्पाची शंका येतेय. मोठ्या दवाखान्यात आत्ताच न्यायला लागेल."

तोवर बाप मोटारसायकलवर येऊन पोचला होता. तो म्हणाला, "मॅडम, घटसर्प तर बैलाला होतो. आमी दरसाल पावसाळ्याआधी टोचून घेतो की. बैलाचा रोग लेकराला लागला का काय?"

हा गोंधळ बऱ्याच घरात होतो. जनावरांना पावसाळ्यात गळा सुजून जो घटसर्प होतो, तो वेगळ्या जंतूंचा वेगळा आजार आहे. नाव तेवढं एक. तो माणसाला लागत नाही, आणि माणसाचा घटसर्प बैलाला लागत नाही. माणसाचा घटसर्प माणसाकडूनच येतो, खोकल्या-शिंकांच्या थेंबांतून. कधी जंतू कातडीवरच्या जखमेत असतात, तिथूनही पसरतात. जंतू शिरल्यापासून साधारण दोन ते पाच दिवसांत त्रास सुरू होतो. ज्याच्याकडून आला तो माणूस आजारी दिसेलच असं नाही. घशात जंतू बाळगून धडधाकट फिरणारी माणसंही असतात.

मॅडमनी पोराचं लसीचं कार्ड मागितलं. कार्ड गावाकडं पत्र्याच्या पेटीत राहिलं होतं. मग त्यांनी आईला आठवून सांगायला लावलं. पोर जूनमधलं. दीड महिना, अडीच महिने आणि साडेतीन महिने, अशा तीन लसी गावातच झाल्या, कारण जुलै ते सप्टेंबर घरचे गावातच होते. पुढचा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत. पोर सोळा महिन्यांचं झालं ऑक्टोबरात, आणि तेव्हा टोळी कारखान्याला निघाली होती. परत येईतो एप्रिल उजाडला. "मोठं झालं की आता, कशाला," म्हणून ते राहून गेलं. पाचव्या वर्षीचा डोस पुढच्या हंगामात असाच गेला. "सुई टोचली की ताप येतो, मग लेकराला सांभाळायचं कुणी?" आई म्हणाली.

बाप काही बोलला नाही. बैलांच्या टोचणीची तारीख त्याला तोंडपाठ होती.

पहिल्या तीन डोसांनी बाळाला ताकद येते, पण ती कायमची नसते. वर्षं जातात तशी उतरत जाते. म्हणून बूस्टर असतो. तीन लसी झाल्या म्हणजे झालं, असा समज असलेल्या घरातच पाच-दहा वर्षांची पोरं घटसर्पात सापडतात.

रिपोर्टची वाट का बघत नाहीत

आता मॅडमच्या पुढ्यात खरा प्रश्न होता. शंका आहे, खात्री नाही. खात्री करायची तर घशातला नमुना प्रयोगशाळेत पाठवून जंतू वाढवून बघावे लागतात. त्याला एक-दोन दिवस तर लागतातच. जंतू विष करणारा आहे का, हे कळायला आणखी वेळ जातो.

तेवढं थांबता येत नाही, त्याचं कारण असं. विष घशात तयार होतं, पण तिथंच राहत नाही. रक्तातून अंगभर जातं, आणि हृदयाच्या स्नायूंना व नसांना जाऊन चिकटतं. घटसर्पावर जे खास औषध आहे त्याला प्रतिविष म्हणतात, दवाखान्यात डीएटी किंवा अँटिटॉक्सिन म्हणतात. ते रक्तात मोकळं फिरणारं विष पकडून निकामी करतं. जे विष पेशीत शिरलं, त्याला ते काही करू शकत नाही. साप चावल्यावरच्या इंजेक्शनसारखंच आहे हे. जितकं लवकर तितका उपयोग. म्हणून नमुना पाठवायचा, पण रिपोर्टसाठी अडून राहायचं नाही. शंकेवरच उपचार सुरू करायचा, असा नियम आहे.

मग सगळ्यांनाच देऊन टाकावं का? तसंही नाही. प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनवतात. घोड्याला थोडं-थोडं विष टोचून त्याच्या रक्तात तोड तयार करवतात. एमिल बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्ये हा मार्ग शोधला, आणि बेरिंगना त्यासाठी १९०१ चं पहिलं वैद्यकाचं नोबेल मिळालं. पण घोड्याचं रक्तद्रव्य काही माणसांना सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, कुणाचा रक्तदाब एकदम खाली जातो, जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी अगदी थोडं टोचून चाचणी घेतात, शेजारी अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन भरून ठेवतात आणि औषध सलाइनमधून सावकाश देतात. हे काम भरती करायची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हायला पाहिजे. प्राथमिक केंद्रात ते औषध ठेवलेलंही नसतं.

मॅडमनी दोन्ही बाजू तोलल्या. शंका खोटी निघाली तर पोराला उगाच प्रवास आणि कदाचित एक जोखमीचं औषध. शंका खरी निघाली आणि दोन दिवस गेले, तर हृदय. राखाडी चिकट पापुद्रा, कमी ताप, सुजलेली मान, घोगरा आवाज, चुकलेले दोन बूस्टर. पाच गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या. त्यांनी चिठ्ठीवर "टॉन्सिल" न लिहिता "घटसर्प संशयित" असं मोठ्या अक्षरात लिहिलं.

फोन आधी, गाडी नंतर

त्यांनी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना फोन लावला. मग जिल्ह्याच्या ठिकाणी फोन करून एकच प्रश्न विचारला, "तुमच्याकडं आत्ता अँटिटॉक्सिन आहे का?" तिथं नव्हतं. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात होतं, ७० किलोमीटरवर. म्हणजे आधी तालुक्याला, तिथून जिल्ह्याला आणि तिथून पुढं असा फेरा न घालता पोराला सरळ तिकडं पाठवायचं ठरलं. दहा मिनिटांच्या दोन फोननी अर्धा दिवस वाचला.

या औषधाचा तुटवडा ही खरी अडचण आहे. लसीमुळं आजार कमी झाला, मागणी कमी झाली, बनवणारे कमी झाले. सप्टेंबर २०१८ मध्ये दिल्लीत घटसर्पानं वीसपेक्षा जास्त मुलं दगावली, तेव्हा देशाच्या राजधानीतही हे औषध पुरेसं हाताशी नव्हतं. मात्रा वजनावर ठरत नाही, आजार किती पसरलाय आणि किती दिवस झालेत यावर ठरते. लहान पोराला आणि मोठ्या माणसाला सारखीच लागते, कारण विष किती आहे ते महत्त्वाचं. मान सुजलेल्या रोग्याला ८० हजार युनिट किंवा त्याहून जास्त लागू शकतं. कुपी १० हजार युनिटची असेल तर एकाच लेकराला आठ-दहा कुप्या झाल्या. म्हणून निघायच्या आधी फोन करणं आणि "किती कुप्या आहेत" हेही विचारणं गरजेचं.

१०८ ची गाडी येईतो मॅडमनी तीन कामं केली. पापुद्र्याच्या कडेजवळून आणि नाकातून दोन बोळे घेऊन नमुन्याच्या नळीत ठेवले. अँटिबायोटिकचा पहिला डोस दिला. अँटिबायोटिक विषाला मारत नाही, पण विष तयार करणारे जंतू मारतं, म्हणजे नवीन विष थांबतं आणि दुसऱ्याला लागण होणंही थांबतं. नमुना आधी घेतला, कारण औषध गेल्यावर जंतू सापडणं अवघड होतं. तिसरं काम म्हणजे बाकीच्या रोग्यांना त्या खोलीतून बाहेर काढून खिडक्या उघडल्या.

आईला सांगितलं, "याला आडवं करू नका. तुमच्या मांडीवर बसूनच येऊ द्या. रडवू नका. जबरदस्तीनं पाणी पाजू नका."

पोर स्वतः जसं बसतं तशी त्याची श्वासाची वाट मोकळी राहते. आडवं पाडलं, रडवलं, की सुजलेला घसा आणखी अडतो. गाडीत प्राणवायू होता. गाडीतल्या डॉक्टरांना मॅडमनी बजावलं, "श्वास घेताना घर्रर्र आवाज आला, गळ्याखालची खळगी आत जायला लागली, ओठ निळे दिसले, तर वाटेतल्या पहिल्या मोठ्या दवाखान्यात घ्या." पापुद्रा खाली श्वासनळीत उतरला तर श्वास कोंडतो. तेव्हा गळ्याला खालून भोक पाडून नळी घालावी लागते.

बापाला टोळीची काळजी. "मुकादमाला इचारून येतो," तो म्हणाला.

सिस्टर म्हणाल्या, "दादा, मुकादमाला फोन गाडीत बसून लावा."

पुढचे तीन आठवडे

गाडी सव्वाअकराला निघाली, एकच्या सुमारास पोचली. रुग्णालयात खाट वेगळ्या खोलीत तयार होती. चाचणीचं इंजेक्शन दिलं, अंगावर काही उठलं नाही, तीनच्या आत प्रतिविषाचं सलाइन सुरू झालं. शुक्रवारपर्यंत पापुद्रा पसरायचा थांबला, कडा सुटायला लागल्या, मानेची सूज उतरली. शनिवारी रिपोर्ट आला. घटसर्पच होता.

पोर हसायला-बोलायला लागलं तसा बाप म्हणाला, "आता घरी सोडा की." डॉक्टर सोडेनात. घरच्यांना हे पटत नाही, म्हणून ते नीट सांगायला पाहिजे.

प्रतिविष देण्याआधी जेवढं विष हृदयाला चिकटलं, ते तिथंच असतं. त्याचा परिणाम घसा बरा होत असताना, पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दिसतो. हृदयाचा ठोका चुकायला लागतो, पोर एकाएकी फिकट पडतं, धाप लागते. म्हणून रोज हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी काढतात आणि पोराला पळू-खेळू देत नाहीत. या पोराचा ठोका नवव्या दिवशी चुकायला लागला. चार दिवस त्याला मशीनला लावून ठेवलं, शौचालाही चालू दिलं नाही. मग ठोका ताळ्यावर आला. नवव्या दिवशी ते कोपीत असतं, बाकीच्या पोरांबरोबर उसाच्या गाडीमागं पळत असतं, तर काय झालं असतं, हे सांगायला नको.

तिसऱ्या आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली. पोर दूध प्यायला लागलं की नाकातून बाहेर यायचं, आणि बोलणं नाकात यायला लागलं. आई घाबरली. हा विषाचा नसांवरचा परिणाम. टाळूच्या नसा लुळ्या पडतात. कधी डोळ्यांना जवळचं नीट दिसत नाही, कधी पुढच्या आठवड्यांत हातपाय ढिले पडतात. चांगली बाजू ही, की श्वास आणि गिळणं सांभाळलं तर नसा बहुतेक करून पुन्हा सुधारतात, फक्त आठवडे-महिने लागतात. पोराला बसवून घट्टसर खीर, पेज असं घोट-घोट भरवलं. महिनाभरात नाकातून येणं बंद झालं.

अँटिबायोटिक १४ दिवस पूर्ण दिलं. ते संपल्यावर एक दिवसाच्या अंतरानं दोनदा घशाचा नमुना तपासला. दोन्ही वेळेला जंतू नाहीत असं आलं, तेव्हाच वेगळ्या खोलीतून बाहेर काढलं. जायच्या आधी लसही दिली. घटसर्प एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही, असं नसतं. आजारानं अंगात पुरेशी ताकद येतेच असं नाही, म्हणून बरं झाल्यावरही लस पूर्ण करावी लागते.

सगळी पोरं अशी सुटत नाहीत. उपचार मिळूनही दहातलं साधारण एक दगावतं. उपचारच मिळाला नाही तर निम्मी जातात. चौथ्या दिवशी प्रतिविष मिळालेलं हे पोर वाचलं, पण हृदयावर आलंच. दुसऱ्या दिवशी मिळालं असतं तर कदाचित तेही टळलं असतं.

कोप्यांवर काय झालं

पोर गाडीत बसलं त्याच दुपारी सिस्टर, आरोग्य सेवक आणि आशाताई कोप्यांवर पोचल्या. एकोणीस कोप्या, एकच पाण्याची टाकी. त्यांनी यादी केली. पोराच्या कोपीत झोपणारे कोण, त्याच्याबरोबर खेळणारे कोण, गेल्या आठ-दहा दिवसांत त्याच्या ताटात जेवलेलं कोण. प्रत्येकाचा घसा बॅटरीनं बघितला, जवळच्यांच्या घशाचे नमुने घेतले, आणि रिपोर्ट यायच्या आधीच औषध दिलं. काहींना पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन, काहींना सात दिवसांच्या गोळ्या.

एका बाईनं विचारलं, "आमाला काय झालंच न्हाई, मग गोळ्या कशाला?"

आशाताई म्हणाल्या, "मावशी, जंतू घशात बसून राहतो, तुमाला काय करत न्हाई. पण तुमच्या नातवाला देऊन जातो."

चार दिवसांनी पोराच्या चार वर्षांच्या बहिणीच्या नमुन्यात जंतू सापडले. तिला ताप नव्हता, घसाही दुखत नव्हता. औषध आधीच सुरू असल्यानं ती आजारी पडली नाही. दहा दिवस आरोग्य सेवक रोज येऊन प्रत्येक पोराचा घसा बघून गेला. सात वर्षांच्या आतल्या ज्यांचे डोस चुकले होते त्यांना डीपीटी, त्यावरच्यांना टीडी लस तिथंच झाडाखाली बसून दिली. कार्ड नाही, गाव दुसरं आहे, म्हणून कुणाला परत पाठवलं नाही. सरकारी केंद्रात ही लस कुठल्याही गावच्या लेकराला फुकट मिळते. डोस चुकला तर सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही, राहिलेलं पुढं पूर्ण करतात.

घरात एवढं तपासा

लसीचं कार्ड काढून बघा. घटसर्पाविरुद्धची लस या वेळांना असते: दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलेंट, १६ ते २४ महिन्यांत डीपीटीचा पहिला बूस्टर, पाच ते सहा वर्षांत दुसरा, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी. गरोदर बाईलाही टीडी देतात. बाहेरगावी कामाला जाताना कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. नव्या जागी पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच तिथल्या आशाताईला तो दाखवा.

घसा दुखतोय आणि त्याबरोबर घशात राखाडी किंवा पांढरा चिकट थर, सुजलेली मान, घोगरा आवाज, तोंडाला वास, किंवा नाकातून रक्ताळलेलं पाणी, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. श्वासाला आवाज येत असेल तर दवाखान्याच्या वाटेनं न निघता सरळ १०८ ला फोन करा, आणि फोनवर "घशात पापुद्रा आहे, श्वास अडतोय" असंच सांगा.

मार्च अखेरीस टोळी गावाकडं निघाली. त्या पोराच्या कार्डावर नवीन तारीख पडली होती, आणि पुढच्या डोसाची तारीख बापानं मोबाईलमध्ये टाकून घेतली होती, बैलांच्या टोचणीच्या तारखेच्या खाली.